प्रबंध बाइंडिंगला देण्याआधीचे सात तास : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम फाइलला नाव द्यावं. `Final_Final_new2.docx` हे नाव चालतं. याच नावाच्या आणखी दोन फायली पेनड्राइव्हवर असल्या तर फारच छान, कारण त्यातली खरी कुठली हे शोधण्यात पहिली वीस मिनिटं आरामात जातात. वेळ सकाळी अकराची धरावी. बाइंडर सहाला शटर ओढतो. रात्रभर पुस्तकं दाबाखाली वाळतात, सकाळी ती उचलायची आणि नांदेडला विद्यापीठात जमा करायची. आमच्या हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणून शेवटची धाव नांदेडलाच.

आता पायरी पहिली. घरच्या लॅपटॉपवर एखादा देखणा फॉन्ट उतरवून घ्यावा आणि त्यात सगळा प्रबंध टाइप करावा. फॉन्टची फाइल मात्र घरीच ठेवावी. माझा विषय होता वसमत तालुक्यातले हळद उत्पादक शेतकरी. पानं 212, प्रती पाच. प्रिंटच्या दुकानातल्या काकांनी फाइल उघडली तेव्हा खाली कोपऱ्यात आकडा आला 231.

"माय, एकोणीस पानं कुठून आणलीस?" काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, फॉन्ट तर तोच दिसतोय, वरच्या खिडकीत नाव बघा की. इथंच नवशिक्या फसतो. फॉन्ट संगणकात नसला तरी वर्ड त्याचं नाव तसंच दाखवत राहतं आणि मजकूर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमध्ये काढतं. देवनागरीत हे जास्त बोचतं, कारण वेलांटी, रफार, उकार यांच्यासाठी प्रत्येक फॉन्ट ओळीला वेगळी उंची देतो. मंगलसारखा फॉन्ट आकाराच्या मानानं भरपूर जागा खातो. ओळीमागे केसभर फरक पडला तरी पानाला दोनतीन ओळी खाली सरकतात. काकांनी `File > Options > Advanced` मध्ये जाऊन `Font Substitution` चं बटण दाबलं. डावीकडे माझ्या फॉन्टचं नाव होतं, उजवीकडे त्याच्या जागी बसवलेल्याचं. चोर सापडला. मग मी भावाला फोन केला, त्यानं फॉन्टची `.ttf` फाइल मोबाइलवर पाठवली, काकांनी ती बसवली आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. 214.

"अजून दोन पानं तुझ्या पदरची दिसायलीत," काका म्हणाले.

पायरी दुसरी : नवं प्रकरण नव्या पानावर न्यायचं असेल तर पान संपेपर्यंत एंटर दाबत राहावं. मी तेच केलं होतं. काकांनी `Ctrl+Shift+8` दाबलं आणि पडद्यावर दडलेल्या सगळ्या खुणा उघड्या पडल्या. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सतरा एंटर होते, एकाखाली एक, एसटीच्या रांगेसारखे. वरच्या मजकुरात एक ओळ वाढली की ते सतराच्या सतरा खाली सरकतात, शेवटचा पुढच्या पानावर पडतो आणि नव्या प्रकरणाचा मथळा खाली ढकलतो, असं करत करत पानं वाढतात. त्यांनी ते सगळे पुसले आणि तिथं `Ctrl+Enter` दाबलं. सहा प्रकरणांना मिळून पाच मिनिटं लागली. 212.

यानंतरची पायरी मात्र सावकाश वाचावी, माझे दीड तास तिथंच गेले. नियम असा की प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून 1. नवशिक्यानं काय करावं? मुखपृष्ठावरचा आकडा निवडावा आणि डिलीट करावा. सगळ्या प्रबंधाचे आकडे एकदम जातात. मग ते परत आणावेत. मुखपृष्ठावरही येतात. हे चारदा करावं. पाचव्यांदा काकांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला.

त्यांच्या मते भानगड आकड्याची नव्हतीच. वर्डच्या लेखी सुरुवातीची पानं आणि पहिलं प्रकरण मिळून एकच खण होता, आणि एका खणात दोन हिशेब चालत नाहीत. त्यांनी पहिल्या प्रकरणाच्या मथळ्याआधी कर्सर ठेवला, `Layout > Breaks` मधून `Next Page` टाकलं. साधा पेज ब्रेक नव्हे, सेक्शन ब्रेक. मग पानाच्या तळाशी दोनदा क्लिक केलं. उजव्या कडेला `Same as Previous` अशी चिठ्ठी दिसत होती, म्हणजे हा खण अजून मागच्याच्या शेपटीला बांधलेला. `Link to Previous` दाबून ती गाठ सोडवली, चिठ्ठी गेली, आणि त्यानंतरच `Format Page Numbers` मध्ये `Start at` समोर 1 लिहिला. मागच्या खणात जाऊन i, ii, iii निवडलं. "आधी सोड, मंग बदल," ते म्हणाले. मी चारही वेळा आधी बदललं होतं.

अनुक्रमणिका मी टिंबं टिंबं हातानं टाइप करून केली होती. त्यावर काका काही बोलले नाहीत, चहा सांगितला. मथळ्यांना `Heading 1` लावून ती नव्यानं ओढली.

साडेतीनला लाइट गेली. दुकानात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखा आणि संगणक ओढतो. लेझर प्रिंटर टोनर वितळवून कागदावर चिकटवतो, त्यासाठी आतला रोलर तापताना एकदम इतका करंट खेचतो की छोटा इन्व्हर्टर मान टाकतो. त्या पाऊण तासात काकांनी पट्टी काढली आणि समास तपासले. डावीकडे माझा समास एक इंच होता, म्हणजे 25 मिलिमीटर. बाइंडर कडेपासून साधारण सेंटीमीटरभर आत भोकं पाडून शिवतो आणि त्यापुढचंही थोडं पान उघडत नाही. जवळपास 15 मिलिमीटर गेले की दहा उरतात, आणि ओळीचं पहिलं अक्षर वाचायला पुस्तक गुडघ्यानं दाबावं लागतं. म्हणून डावीकडे दीड इंच, 38 मिलिमीटर. समास बदलला की ओळी तुटतात, पानं वाढतात. 212 ची 219 झाली, पण आता अनुक्रमणिकेवर उजवं क्लिक करून `Update Field` आणि मग `Update entire table` म्हटलं की तीही मागोमाग सुधारते. हातची टिंबं असती तर मी आजही तिथंच बसले असते.

आडव्या पानावर हळदीच्या भावांचा तक्ता होता. तिथं जाड समास तक्त्याच्या डोक्यावर हवा, कारण पान फिरवून बांधलं की डोकंच शिवणीत जातं. माझा पायाशी होता.

सव्वाचारला लाइट आली. फाइलची पीडीएफ केली. छापताना `Fit` निवडलं असतं तर पान आक्रसून पट्टीनं मोजलेला सगळा समास वाया गेला असता. काकांनी `Actual size` ठेवलं, कागद ए4 आहे ना हे दोनदा बघितलं. एकच प्रत छापली. मी पहिलं प्रकरण, आडवा तक्ता आणि शेवटचं पान पट्टीनं मोजलं, मग बाकीच्या चार प्रती झेरॉक्सवर टाकल्या.

पावणेसहाला गठ्ठा बाइंडरच्या टेबलावर पडला. त्यानं विषय वाचला नाही, मार्गदर्शकांचं नाव वाचलं नाही. पानं अंगठ्यानं फर्रकन सोडली, डाव्या कडेला नख टेकवलं आणि म्हणाला, "हां, याला सुई बसते."