आत्या, पाळणा आणि बाल्कनीचा उजेड

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाभोवती, माण, मारुंजी आणि वाकडच्या अंगाने जे उंच टॉवर उभे राहिले आहेत, त्यांतील एखाद्या सदनिकेच्या दिवाणखान्यात साजरे होणारे बारसे हा मोबाइल छायाचित्रणाच्या अभ्यासकासाठी सर्वांत कठीण प्रसंग होय. शास्त्राने बाराव्या दिवसाचा निर्देश केला असला, तरी या परिसरात बारसे बहुधा शनिवारीच येते, आणि मुहूर्त सकाळी अकराचा असला, तरी निम्मी पाहुणेमंडळी वाकडच्या पुलाखाली अडकलेली असल्याने तो प्रत्यक्षात साडेबाराला गाठला जातो. या दीड तासात खोलीतला उजेड पूर्ण बदलतो, ही गोष्ट पत्रिकेत कोणीही विचारात घेतलेली नसते.

मूळ दोष पाळण्याच्या जागेचा असतो. सजवलेला पाळणा बाल्कनीच्या सरकत्या काचदारासमोर ठेवावा, मागे पांढरा जाळीचा पडदा आणि झेंडूच्या माळा असाव्यात, असा यजमानीणबाईंचा संकेत असतो आणि डोळ्यांना तो शोभूनही दिसतो. परंतु अशा मांडणीत प्रकाशाचा उगम विषयाच्या पाठीमागे येतो. मोबाइल एक्स्पोजर ठरवताना, म्हणजे संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा याचा हिशेब करताना, पाठीमागच्या झगझगीत दाराने दबून जातो, आणि परिणामी पाळण्यापाशी उभे असलेले समस्त नातलग ओळख परेडीसाठी आणलेल्या संशयितांसारखे काळेठिक्कर उमटतात. आधुनिक फोन कमी-अधिक एक्स्पोजरची अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जोडतो आणि चेहरे उजळवतोही. मात्र त्या उजळण्यात त्वचेवर रवाळपणा येतो आणि केसांभोवती एक तेजोवलय उमटते, जे संतांना शोभले तरी मावशींना शोभत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो पाहुणे येण्यापूर्वी करावा लागतो: पाळणा नव्वद अंशांत फिरवावा. त्याची लांबी दाराला काटकोनात असावी, बाळाचे डोके दाराच्या बाजूला असावे आणि पाळण्याचे ते टोक काचेपासून तीन-चार फुटांवर असावे. याहून दूर नेऊ नये, कारण मोठ्या दारातून येणारा प्रकाश तीन फुटांवरून सहा फुटांवर गेल्यास जवळजवळ निम्म्यावर येतो. मग फोन ती तूट भरून काढण्यासाठी शटर अधिक काळ उघडे ठेवतो आणि तेवढ्या अवधीत हललेला प्रत्येक हात पुसट होतो. गोविंद-गोपाळ म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देण्याघेण्याच्या विधीत तर सर्वांचेच हात हलत असतात.

या मांडणीचा खरा लाभ बारशाच्या मुख्य क्षणी, म्हणजे आत्या बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्र’ करते तेव्हा, कळतो. आत्या वाकली की तिच्या बाजूला उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला फक्त अंबाडा, गजरा आणि पैठणीचा पाठीवरचा भाग मिळतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या संग्रहात या क्षणाची नोंद केवळ गजऱ्याच्या रूपाने उरली आहे. म्हणून आत्या पाळण्याच्या एका लांब बाजूला आणि छायाचित्रकार समोरच्या लांब बाजूला असावा, फोन पाळण्याच्या कठड्याच्या उंचीवर आणावा, आणि दार दोघांच्याही बगलेला राहावे. प्रकाश असा एका बाजूने आला, तर चेहऱ्याला गोलाई येते आणि बाळाच्या डोळ्यांत दाराचा छोटा चौकोन चमकतो. दारापासून दूर असलेली गालाची बाजू फारच काळवंडली, तर त्या अंगाला एक पांढरी चादर उलगडून धरावी, जेणेकरून तिच्यावर आदळलेला उजेड परत चेहऱ्यावर येईल. या कामी पांढरा सदरा घातलेले काकाही चालतात. त्यांना कारण सांगण्याची आवश्यकता नसते, फक्त तेथून हलू नये एवढे सांगावे. याउलट दाराचा पडदा मरून रंगाचा असेल, तर तो बाजूला सारावा, अन्यथा बाळ बारशाआधीच गुलालात न्हालेले दिसते.

खिडकीच्या उजेडाची ही विद्या नवी नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी छायाचित्रे काढू लागले, त्या काळात घरोघरी विजेचे दिवे नव्हते. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक स्टुडिओ काचेचे छत आणि सरकते पडदे यांवरच चालत. मात्र त्या स्टुडिओंत गिऱ्हाइकाला मान न हलवता बसावे लागे, ही अट हिंजवडीतील कोणत्याही आत्याला मान्य होण्यासारखी नाही.

थेट ऊन आणि उजेड यांतला भेदही ध्यानात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब ऊन अडवतो, त्यामुळे आत फक्त मऊ उजेड येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र या भागात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांपलीकडे चढत नाही, म्हणून दक्षिणमुखी बाल्कनीतून उन्हाचा पट्टा दारालगतच्या दोन-तीन फुटांत, म्हणजे जवळजवळ बाळाच्या डोक्यापर्यंत, शिरतो. अशा वेळी तोच पांढरा जाळीचा पडदा ओढून घ्यावा. तो उन्हाला विखरून टाकतो. उत्तरमुखी सदनिकाधारकांनी हळहळू नये, कारण समोरच्या टॉवरची उन्हात तापलेली फिकट भिंत त्यांना दिवसभर फुकटचा उजेड पाठवत असते, आणि दोन टॉवरमधले अंतर कमी असल्याचा हा एकमेव ज्ञात फायदा आहे.

यानंतरचा टप्पा तांत्रिकदृष्ट्या किरकोळ, परंतु सामाजिकदृष्ट्या स्फोटक आहे: फॉल्स सीलिंगमधले पिवळे दिवे बंद करणे. दिवसाचा उजेड निळसर आणि हे दिवे पिवळसर असतात. फोनला पांढऱ्याचा समतोल साधारणपणे संपूर्ण चित्रासाठी एकच ठरवावा लागत असल्याने एक गाल निळा आणि दुसरा हळदीचा दिसू लागतो. परंतु शुभकार्याच्या घरात दिवे घालवा, असे म्हणणाऱ्या जावयाकडे आजेसासूबाई ज्या नजरेने पाहतात, तिला कोणताही समतोल लागू पडत नाही. अनुभवी मंडळी म्हणून निरांजनाला हात न लावता, ‘एसीवर लोड येतोय’ असे पुटपुटत केवळ पाळण्यावरचे दिवे मालवतात.

प्रत्यक्ष चित्र घेताना आधी भिंग सुती कापडाने पुसावे, कारण पेढ्याचे बोट लागलेल्या भिंगातून प्रत्येक दिव्याला धुके फुटते. नंतर फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकून धरावे. आयफोनवर AE/AF LOCK ही अक्षरे उमटली, की फोकस आणि एक्स्पोजर जागेवर बांधले गेले असे समजावे आणि चेहरा पांढराफटक वाटल्यास बोट खाली ओढावे. सगळे मावत नाहीत म्हणून 0.5x निवडण्याचा मोह टाळावा, कारण ते रुंद भिंग कडेच्या वस्तू ताणते आणि कडेला नेहमी वजनाबद्दल हळवे असलेले मामाच उभे असतात. त्याऐवजी 1x ठेवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरावे. मागे सरताच चौकटीत कपडे वाळवण्याचा स्टँड आणि बैठकीतून उठून आलेल्या आतेभावाच्या गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र शिरते. स्टँड हलवता येतो.

नाव सांगून झाल्याबरोबर आत्याच्या पाठीत धपाटे बसतात आणि ते पूर्वसूचनेशिवाय बसतात, म्हणून ‘कुर्र’च्या आधीपासूनच एकापाठोपाठ अनेक चित्रे घेणारा बर्स्ट वापरावा. पंधरा-वीस चित्रांपैकी एकात धपाटा, बाळाची जांभई आणि आत्याचे खरे हसू एकत्र सापडते, आणि आत्या नेमके तेच चित्र काढून टाकायला सांगते.