उजनी आधी, विशेषणं मागून

आमच्या सोलापूरच्या छोट्याशा न्यूजरूमसाठी मथळ्यांची नियमावली लिहायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी उत्साहानं माना डोलावल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं. "का बे, आता अक्षरं मोजून बातमी लिहायची?" डेस्कवरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. त्यांची हयात दोन कॉलमी, तीन कॉलमी हेडिंगं बसवण्यात गेलेली. मावलं नाही की 'मुख्यमंत्र्यां'चा 'सीएम' करून ते मोकळे. म्हणजे अक्षरं ते मोजतच आले होते, फक्त त्याला कुणी नियम म्हणत नव्हतं.

संगणकाची मोजदाद मात्र निराळी. 'सिद्धेश्वर' डोळ्याला चार अक्षरी. संगणकाच्या हिशेबी दहा, कारण तो वेलांटी, मात्रा आणि न दिसणारे हलन्तसुद्धा सुटे मोजतो. ग्रामदैवतालाच इतकी जागा लागणार असेल, तर इंग्रजीतला 'साठ कॅरेक्टर'चा दंडक आपल्याला काय कामाचा? गुगलवर मथळा तुटतो तोही आकड्यावर नाही, स्क्रीनच्या रुंदीवर. म्हणून आम्ही डोळ्याला दिसणारी अक्षरं धरली. तीस-पस्तीसात मथळा संपवायचा आणि पहिल्या बारा-पंधरात गाव किंवा विषय आलाच पाहिजे. मागचं तुटलं तरी चालेल, पुढचं नाही.

पुढे कुठला शब्द ठेवायचा, हे सोलापुरात फार अवघड नाही. उजनी धरणाच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. पण मे महिन्यात नळाला पाणी कधी येणार या काळजीत असलेला माणूस शोधतो 'उजनी'. जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा कागदोपत्री काहीही असो, लोकांना ती 'गड्डा' म्हणूनच ठाऊक. तेव्हा मथळ्यात उजनी आधी. 'धक्कादायक', 'मोठी बातमी' आणि 'अखेर' हे त्रिकूट मागून, जमल्यास नकोच.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. उजनी 'मायनस'मध्ये जाते, ही गोष्ट परगावच्या माणसाच्या पचनी पडत नाही. धरणात उणे पाणी कसं असेल? टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. तो सुमारे ५३ टीएमसी. त्याच्या खाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. समजा, उजनी वजा ३० टक्के झाली. म्हणजे ५३ च्या ३० टक्के, साधारण सोळा टीएमसी पाणी मृतसाठ्यातून उपसलं गेलं. तरी सत्तेचाळीसच्या आसपास शिल्लक आहे. अशा दिवशी 'उजनी आटली' हा मथळा छान छोटा, 'उजनी'ही अगदी पुढे, आणि बातमी साफ खोटी. आणि 'वजा' हा शब्द अक्षरं वाचवायला गाळून कुणी 'उजनीत ३० टक्के साठा' लिहिलं, तर गाव सुटकेचा निःश्वास टाकतं. हा शब्द कापायचा नाही, हे आम्ही नियमावलीत ठळक टाइपात घातलं. मथळा खालच्या मजकुराला धरून असावा, हे प्रेस कौन्सिलही सांगतेच.

पावसाळ्यात गंमत उलटी. सकाळी 'उजनीतून २० हजार क्युसेक विसर्ग' असा मथळा टाकला, दुपारी विसर्ग ४० हजार झाला, संध्याकाळी पुन्हा उतरला, तर काय करायचं? आमचा नियम असा: घटना पुढे सरकली असेल तर मथळा बदलायचा आणि शेवटच्या बदलाची वेळ मजकुरात वरच द्यायची. आपलंच चुकलं असेल, म्हणजे २० च्या जागी २०० छापलं असेल, तर मथळा बदलून खाली 'दुरुस्ती' म्हणून काय चुकलं होतं ते लिहायचं. गुपचूप पुसायचं नाही. बातमीचा पत्ता मात्र दोन्ही वेळा तोच ठेवायचा. त्यासाठी पत्त्यात आकडा घालायचा नाही: `ujani-visarg-20000` नको, `ujani-visarg-pandharpur` बरा. नाहीतर चाळीस हजारांच्या बातमीच्या कपाळावर वीस हजारांचा टिळा कायमचा.

या साऱ्या शिस्तीला व्हॉट्सअ‍ॅप भीक घालत नाही. लिंक पाठवताना जो मथळा चौकटीत उमटतो, तो त्या मेसेजात तसाच गोठतो. आम्ही इकडे कितीही बदलला तरी पंढरपूरच्या ग्रुपवर सकाळचाच विसर्ग रात्रभर वाहतो. आणि पंढरपूरचं पाणी एकट्या उजनीवर ठरतही नाही; वीर धरणातून सोडलेलं पाणी नीरेतून नीरा-नृसिंहपूरला भीमेत मिळतं. म्हणून पुराच्या दिवसांत मथळ्यात आकडा घालायचाच असेल तर वेळेसकट, 'सकाळी आठला' असं. एवढी जागा नसेल तर आकडा गाळून 'उजनीचा विसर्ग वाढवला. पंढरपुरात नदीकाठाला इशारा'. पंचवीस अक्षरं, आणि संध्याकाळी विसर्ग उतरेपर्यंत तरी खरी.

ज्येष्ठांनी यादी वाचून एकच दुरुस्ती सुचवली: नियमावलीलाही शेवटच्या बदलाची तारीख हवी. घातली.

आता वाचकांना एक विनंती. चंद्रभागेच्या पाण्याचा मेसेज पुढे ढकलण्याआधी लिंक उघडा आणि आतली वेळ बघा. चौकटीतला मथळा आम्हाला बदलता येत नाही.