ठरल्याप्रमाणे

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ कुठलाही विषय पहिल्यापासून सुरू करत नाहीत. रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘ॲज डिस्कस्ड, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे प्रत्येकी १५,००० रुपये.’ हे कधी बोललो, ते आठवत माणूस अंथरुणात उठून बसतो. आठवत नाही, तेव्हा वयाला दोष देऊन गप्प राहतो. भाऊंना तेवढंच हवं असतं. दोन दिवसांनी ‘एनी अपडेट?’ म्हणजे आता बोलणं झालंच होतं, तुम्हीच उत्तर लांबवताय. चौथ्या दिवशी ‘हरकत न आल्याने संमती धरली आहे’, आणि खाली जोडलेले दोन हात.

माणूस लबाड नाही, बरं का. त्यांना खरोखरच बोलणं झाल्यासारखं वाटतं. लिफ्टमध्ये ‘गच्चीचं बघायला हवं, नाही?’ असं ते म्हणतात, आपण भाजीच्या पिशव्या सांभाळत ‘हं’ म्हणतो. भाऊंच्या लेखी ती सभा झाली.

पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र निवृत्त हेडक्लार्क. पहिल्याच मेसेजखाली त्यांनी लिहिलं, ‘अशी चर्चा झालेली नाही. झाली असल्यास तारीख, ठिकाण, हजर कोण?’ दुसऱ्या मेसेजपर्यंत थांबलं की तक्रारही सबब वाटू लागते, हे त्यांना नोकरीनं शिकवलेलं.

भाऊंनी उत्तर दिलं, ‘मागच्या महिन्यात, तुमच्या मिस्टरांशी. ठाण्याला जाताना, सकाळच्या फास्टमध्ये. पारसिकच्या बोगद्यात.’

काका एरवी ग्रुपवर फक्त सुप्रभात टाकतात. त्या दिवशी मात्र त्यांनी लिहिलं, ‘भाऊ, फेब्रुवारी २०२२ पासून फास्ट लोकल बोगद्यातून जात नाही. पाचवी-सहावी लाईन झाल्यापासून ती मुंब्र्यावरून जाते. बोगदा मेल-एक्सप्रेसला.’

‘मग मुंब्र्याला,’ भाऊ म्हणाले.

काकूंनी उपविधींची प्रत काढली. विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते, विषय विषयपत्रिकेवर असावा लागतो, आणि झालेलं बोलणं इतिवृत्तात उतरावं लागतं. भाऊंना हे सगळं पाठ आहे. नोटिशीवर सही त्यांचीच असते. पण कागदावरची चर्चा त्यांना बेचव लागते.

शेवटी सभा झाली. तीन कोटेशनं आली आणि भाऊंची पार्टी सगळ्यांत महाग निघाली. काम दुसऱ्याला गेलं.

परवा भाऊ फोन पुढे धरून माझ्या दारात उभे. त्यांच्या त्या पार्टीचा मेसेज होता, ‘ॲज डिस्कस्ड, सोमवारी माल टाकतो. ॲडव्हान्सचं एनी अपडेट?’

‘कमाल आहे की नाही!’ भाऊ म्हणाले. ‘मी नुसतं हं म्हटलं होतं.’