बाद झालेल्यानं बाहेर बसायचं

2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी नेपाळला हरवून दोन्ही चषक जिंकले, आणि त्याचा भुर्दंड मुलुंडमधल्या एका चित्रकला शिक्षकाला पडला. म्हणजे मला. सहावी-सातवीची पोरं खो-खो शिकायला हटून बसली होती आणि पीटीचे सर नेमके दीर्घ रजेवर. "तुम्ही मैदान तरी छान आखाल," असं म्हणून मोठ्या बाईंनी खडूचा डबा माझ्या हातात दिला.

आखलंही छान. खरं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. आमच्या पेव्हर ब्लॉकच्या अंगणात ते मावेना, म्हणून आठाऐवजी सहाच चौकोन काढले. सहा पोरं बसवली. सगळी फाटकाकडे तोंड करून.

"सर, फोटो काढताय का?" वॉचमनमामांनी विचारलं. मामा साताऱ्याकडचे, तरुणपणी तालुक्याला खेळलेले. शेजारच्या दोघांची तोंडं उलट दिशांना हवीत, कारण खो पाठीमागूनच द्यायचा, हे त्यांनी तिथेच, पोरांसमोर सांगितलं.

मग बैठक. पोरं मांडी ठोकून बसलेली. मांडीवरून उठेपर्यंत धावणारा भांडुपला पोचतो. चवड्यांवर बसायचं, एक पाऊल जरा पुढे, तळवे जमिनीला टेकलेले, टाचा उचललेल्या. खो मिळाला की मागच्या पायानं जमीन ढकलायची. मामा सांगत होते आणि मी करून दाखवत होतो. बसलो झकास. मामांनी पाठीवर थाप मारून "खो!" म्हटलं. गुडघ्यांनी दोनदा आवाज दिला, मी जागेवरच. शेवटी दोन पोरींनी हात धरून उठवलं.

पुढची अडचण खोकल्याची. शेजारी इमारत पाडायचं काम चालू, हवेत धूळ, अर्धा वर्ग खोकणारा. कोणी "खो खो" केलं की दोघंतिघं उभी. त्यावर मामांनी पोरांचे डोळे मिटवले आणि ते मागून फिरत राहिले: कधी नुसता शब्द, कधी नुसता स्पर्श, कधी दोन्ही एकदम. दोन्ही एकदम मिळाल्यावरच उठायचं. दहा मिनिटांत खोकल्यावर उठणारा मी एकटाच उरलो.

खांबाचा तास मात्र माझ्या स्वतःच्या अकलेचा. खांब साधारण 120 सेंटिमीटर उंच असतो एवढं वाचलं होतं, म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून पाइप उभा केला. वर पिवळा पट्टाही रंगवला. पोरांना खांबावरचा सूर हवा होता: खांब एका हातानं धरून अंग बाहेर झोकायचं आणि वळसा घालणाऱ्याला दुसऱ्या हातानं टिपायचं. मी तीन पावलं धावलो, खांबाचं टोक पकडलं आणि झोकून दिलं. खांबही आला. डब्यासकट.

पँट गुडघ्याला फाटली, बाकी मी शाबूत. मामांनी हसू आवरून कारण सांगितलं. एक तर खांब जमिनीत पुरलेला हवा. दुसरं, टोक धरलं की अंग उंचावर फिरतं आणि खांद्यानं खांबावर आपटतं. कमरेच्या पातळीला धरलं, पाऊल बुंध्याशी ठेवलं, तर अंग खाली आणि लांब जातं. हनुवटी वर ठेवायची. आणि फरशीवर सूर मुळीच मारायचा नाही. त्यांनी कुंपणालगतच्या मातीत खड्डा खणून लाकडी खांब घट्ट पुरला, भोवती गाद्या टाकल्या, आणि पोरांना आधी गुडघ्यांवर बसून नुसतं झुकायला लावलं. मग उभ्यानं, मग एक पाऊल टाकून. धावत सूर त्या आठवड्यात कोणालाच मिळाला नाही. पोरं माझ्याकडे रागानं बघत होती.

साखळी आम्ही चालत शिकवली. धावणारा दोघांमधल्या फटीतून पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्याला खो द्यायचा, म्हणजे तो पलीकडच्या बाजूला उठतो. धावणारा परत आला की तिकडून पुढच्या पाठीला खो. पोरं ती पाठ चुकवून पुढे जात आणि मग मागे वळत, तोच फाऊल. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तीच. मामा म्हणाले, "धावणाऱ्याबरोबर पुढची पाठपण बघा."

चालणं जमल्यावर खरा धावणारा हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिली फट पार केली, दुसरीही केली. मग सहावीतली सर्वांत लहान चणीची पोरगी खो मिळून उठली. मला वाटलं, खांदा वळेल तिकडे ती जाणार, आपण उलटीकडे निसटू. तिनं खांदा वळवलाच नाही. सरळ उठली, माझा पाय डावीकडे पडेपर्यंत थांबली आणि पोटावर चापट मारली.

"बाद! सर, बाद झालेल्यानं बाहेर बसायचं."

मी कट्ट्याकडे जाऊन बसलो. मांडी घालून.