दरपत्रकेच्छू

मार्चअखेर जवळ येऊ लागली, की औद्योगिक वसाहतीत एक विशिष्ट गृहस्थ जागा होतो. वर्षभर ज्याला कामगारांच्या बौद्धिक उन्नतीचे स्मरणही नसते, त्याला प्रशिक्षणाच्या खाती मंजूर झालेली रक्कम ३१ तारखेनंतर रद्दबातल होणार हे ध्यानी येताच तिची अनावर तळमळ लागते, आणि कार्यशाळांवर उदरनिर्वाह करणाऱ्या मजसारख्याकडे त्याचा खलिता येऊन थडकतो : 'प्रशिक्षणार्थी चाळीस ते शंभर, विषय सोबतच्या यादीप्रमाणे, तरतूद मर्यादित, तरी वाजवी दरपत्रक उद्या सकाळपर्यंत पाठवावे.'

भोसरीच्या एका कारखान्यातून आलेली अशी यादी मी जपून ठेवली आहे. तीत वेळेचे नियोजन, नेतृत्व, संघभावना, क्रोधनियमन, इंग्रजी संभाषण एवढे टंकलिखित असून खाली पेनाने 'योगासने (जमल्यास)' असे होते. आणि हे सारे एका दिवसात, ज्यातून जेवणाची सुट्टी व मोठ्या साहेबांचे उद्घाटनाचे भाषण वजा जायचे होते.

मी फोनवर अदबीने विचारले, "साहेब, माणसे नक्की किती? पंचवीसपर्यंत असली, तर गट पाडून प्रत्येकाकडून सराव करून घेता येतो. शंभर झाली, की कार्यशाळेचे व्याख्यान होते."

"तुम्ही माणशी दर सांगा हो, माणसे आम्ही बघतो!"

आता मी विकतो तो माझा दिवस, माणसे नव्हेत; समोर पंधरा असोत वा पंचवीस, दिवस तोच, आणि पंचविसांपुढे मात्र दुसरा दिवस लागतो, हे त्यांना पटवण्यात एक आठवडा गेला. तरतुदीचा आकडा तर त्यांनी वधूपित्याने हुंड्याचा आकडा राखावा तसा राखून ठेवला होता. तो अखेरीस बाहेर पडला : "साठ हजार. सगळे धरून."

या 'सगळे' शब्दात किती मावते, ते कागद-पेन्सिल घेतल्यावाचून कळत नाही. १८ टक्के जीएसटी आतच धरला, तर माझे मूळ शुल्क ५०,८४७ रुपये होते. त्यातून १० टक्के उद्गम करकपात जाऊन हाती ४५,७६२ उरतात, आणि प्रवास व जेवण त्यातूनच भागवायचे म्हटल्यास मी स्वखर्चाने त्यांचे प्रबोधन केल्यासारखे होते. तेव्हा मी लिहून दिले, की चाळीस पर्यवेक्षक, वीस-वीसच्या दोन तुकड्या, दोन दिवस. विषय दोनच, पाळी बदलताना कामाची माहिती पुढच्याकडे सोपवणे आणि वेळेचे नियोजन. सभागृह, भोजन व वाहन कारखान्याकडे.

उत्तर आश्चर्यकारक तत्परतेने आले. 'प्रस्ताव तत्त्वतः मान्य. फायलीस तीन दरपत्रके लागतात, तरी आपल्यापेक्षा किंचित चढ्या दराची अन्य दोन आपणच कोठूनतरी मिळवून द्यावीत. ता. क. : योगासनांचे तेवढे राहिले.'