तीन फ्रेमसाठी रविवार: नवशिक्यांसाठी ओव्हरक्लॉकिंग

समजा तुमच्याकडे आरटीएक्स ३०८० कार्ड आहे आणि आवडता गेम ६० फ्रेमवर व्यवस्थित चालतो. हे सुख सहन होत नसेल, तर MSI Afterburner हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या.

लगेच पट्ट्या सरकवायच्या नाहीत. आधी बेंचमार्क वीसेक मिनिटं चालवा आणि गुण व तापमान कागदावर लिहा. तापमान ८५ च्या पुढे गेलं तर पहिला धडा म्हणजे ब्रश घेऊन पंख्यातली धूळ काढणं. कार्ड तापत जातं तसं ते आपणहून वेग थोडा थोडा उतरवतं, आणि ९३ अंश ही या कार्डाची कमाल मर्यादा आहे. नागपूरकरांनी हा उद्योग मे महिन्यात काढू नये. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं.

आता Core Clock २५ मेगाहर्ट्झने वाढवा, चाचणी घ्या, पुन्हा २५. शंभरच्या आसपास कुठेतरी पडदा काळा होईल आणि गेम गडप होऊन डेस्कटॉप समोर येईल. अभिनंदन, हद्द सापडली! तिथून ५० मागे या. विंडोज सुरू होतानाच सेटिंग लागू करणारा पर्याय मात्र आठवडाभर गेम खेळून झाल्याशिवाय निवडू नका.

मेमरीची पट्टी जास्त लबाड. या कार्डाची मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवते, त्यामुळे वेग अती झाला तरी काहीच कोसळत नाही, नुसते गुण घसरतात. नवशिका मात्र आकडा मोठा दिसला म्हणून खूश असतो. प्रत्येक पायरीला गुण लिहा, ते उतरायला लागले की मागे फिरा. Power Limit ची पट्टी मूळच्या ३२० वॅटच्या वर नेलीत की पंखे मिक्सरसारखे ओरडतात.

फळ? साधारण पाच टक्के, म्हणजे ६० चे ६३. डोळ्यांना फरक कळणार नाही, म्हणून कोपऱ्यात फ्रेम मोजणारा आकडा सतत चालू ठेवावा आणि पाहुण्यांना दाखवावा.

प्रोसेसरवाल्यांनी आणखी जपावं. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, मग तुम्ही वेग तिच्याच सॉफ्टवेअरने का वाढवलेला असेना. कार्डांचे बरेच उत्पादकही हीच अट घालतात. गंमत म्हणजे तेच उत्पादक वेग आधीच वाढवलेली कार्डं खोक्यावर OC छापून चढ्या भावाने विकतात. तो वेग वॉरंटीत बसतो, तुमचा बसत नाही.

पट्टी मागे नेली की कार्ड पूर्ववत होतं. दुसऱ्या मॉडेलचं बायोस कार्डात भरलंत आणि कार्ड मेलं, तर सर्व्हिस सेंटरवाला चिप वाचून ते ओळखू शकतो. तिथे ‘आपोआप झालं’ चालत नाही.