चिटणिसांचे फर्मान आणि रेडिंगची संक्रांत

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी, शनिवार-रविवारी रुळांची दुरुस्ती काढण्याची तेथील रेल्वेला जी एक विलक्षण हौस आहे ती त्या दिवशी उफाळून आलेली नसेल तर, साधारण अर्ध्या तासात रेडिंगला पोहोचते. ऑस्कर वाइल्डने जेथे कारावास भोगला तो तुरुंग आणि हंटली अँड पामर्सची जगभर गेलेली बिस्किटे या दोन परस्परविरोधी कारणांनी हे गाव इंग्रजांना ठाऊक आहे. मला ते ठाऊक होण्याचे कारण माझा पुतण्या. जानेवारीच्या बोचऱ्या थंडीत फलाटावर उतरलेल्या वृद्ध चुलत्याला तो प्रथम घरी नेऊन चहा पाजील अशी माझी भाबडी अपेक्षा होती. परंतु त्याने वाकून नमस्कार केला, माझी पिशवी घेतली आणि गाडीत बसता बसता खिशातून एक छापील कागद काढून माझ्या हाती दिला.

"काका, आज मंडळाची संक्रांत आहे आणि तुमचं नाव स्वयंसेवकांत घातलंय. नुसतं बसून तुम्हांला कंटाळा आला असता."

पंचांगातील संक्रांत बुधवारीच होऊन गेली होती, हे मी त्याच्या निदर्शनास आणले. परदेशातील सण शनिवारपर्यंत थोपवून धरावे लागतात हे सर्वश्रुत आहे. मात्र संक्रांतीच्या बाबतीत तेथील मंडळींना शास्त्राचाही आधार आहे, कारण हळदीकुंकवाची मुदत आपल्या पूर्वजांनीच रथसप्तमीपर्यंत वाढवून ठेवलेली आहे, आणि जणू सभागृहाची तारीख मिळण्यातील अडचणींचा त्यांना पूर्वानुभव असावा इतकी ती सोयीची आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची गोष्ट निराळी. 1932 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेची डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू आहे. बाकीच्या गावोगावच्या मंडळांना तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक सभागृहावर विसंबावे लागते, आणि त्या भाड्याच्या तासांतूनच माझ्या हातातील फर्मानाचा जन्म झाला होता.

फर्मानात चार वेळा होत्या. स्वयंसेवकांनी एक वाजता यावे. अन्नपदार्थ अडीच ते तीनच्या दरम्यान मागील दाराने स्वयंपाकघरात रुजू करावेत. सभागृहात प्रवेश तीन वाजता. कार्यक्रम ठीक साडेतीनला. याखाली, ज्याला कोणी वाचीत नाही अशा बारीक ठशांत, सभागृह सात वाजेपर्यंत झाडून-पुसून रिकामे करून किल्ली परत न दिल्यास अनामत रक्कम जप्त होईल, अशी ताकीद होती. नवख्या माणसास वाटते की, कार्यक्रम साडेतीनचा म्हणून सभागृह साडेतीनला मिळत असेल. परंतु तेथे भाडे एकपासूनच चालू होते, आणि खुर्च्या मांडणे, पडदा टांगणे, ध्वनिक्षेपक जोडणे व अखेरीस त्याच खुर्च्या दहा-दहांच्या चळतीत रचून ठेवणे हे सारे त्या सहा तासांतच बसवावे लागते. चिटणीस म्हणून जो उत्साही गृहस्थ होता, त्याने किल्लीच्या वेळेपासून उलट मोजीत मोजीत हा आराखडा केला होता. साफसफाईला एक तास, भोजनाला दीड, म्हणून पंगत साडेचारला. आणि म्हणून करमणुकीला एकच तास.

या उलट्या गणितात एक दुबळी जागा होती, ती म्हणजे मराठी माणूस. जुन्या सभासदांनी मला सांगितले की, पूर्वी कार्यक्रम चारचा असे आणि मंडळी पावणेपाचला येत. एका धूर्त चिटणिसाने छापील वेळ साडेतीनवर आणली. पहिल्या वर्षी लोक फसले व सव्वाचारला हजर झाले; दुसऱ्या वर्षी ही युक्ती सर्वांस कळली आणि प्रत्येकाने मनातल्या मनात अर्धा तास मिळवून पूर्ववत पावणेपाच गाठले. वेळ आणखी मागे नेण्याचा विचार झाला, परंतु मग कार्यक्रम न्याहारीच्या वेळेस येऊन भिडला असता. अखेर ज्या उपायाने साडेतीनला सभागृह भरू लागले तो उपाय अगदी साधा आणि, माझ्या मते, राजनीतीच्या ग्रंथात नोंदवण्याजोगा आहे: लहान मुलांचे नाच अगदी आरंभी ठेवण्यात आले. नाचणारे एक मूल आपल्याबरोबर आई-बाप, आजी-आजोबा आणि चित्रण करणारा एखादा मामा खेचून आणते. चोवीस मुले ठेवली की प्रेक्षकांची ददात राहत नाही. यातही एक पळवाट निघाली, कारण आपले मूल नाचून झाले की पालक गप्पा मारायला बाहेरच्या दालनात पसार होत. म्हणून हल्ली तीच मुले समारोपाच्या गीतालाही पुन्हा उभी करतात. मधल्या वेळात गाणारे प्रौढ गायक या दोन बांधांमध्ये अडवलेल्या श्रोतृवर्गाचा निश्चिंतपणे उपभोग घेतात.

माझी नेमणूक स्वयंपाकघराच्या मागील दारावर झाली होती. तेथील सर्वाधिकार भोजनप्रमुख वहिनींकडे होता, आणि त्यांच्या हातात एक वही, गळ्यात एक थर्मामीटर व चेहऱ्यावर सरकारी जकात नाक्यावरील अंमलदाराचा भाव होता. प्रत्येक कुटुंबाने एकेक पदार्थ आणावा ही प्रथा ऐकावयास रमणीय वाटते. ती अंमलात आणणे किती बिकट आहे हे वहिनींनी भाज्यांची तबके मोजून घेता घेता मला सांगितले. मंडळाने आरंभी आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वाटणी केली होती: अमुक अक्षरापर्यंत भाजी, पुढे भात, त्यापुढे गोड. इंग्रजांच्या संस्थांत ही पद्धत सुखाने चालत असेल. परंतु कुलकर्णी, काळे, कदम, केळकर, खरे आणि करंदीकर हे सर्व एकाच 'के' अक्षराखाली येतात याचा विचार कोणी केला नव्हता, आणि ते अक्षर त्या वर्षी गोडाकडे होते. परिणामी वरण एक पातेले आणि गुलाबजामांचे डबे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! शिवाय ज्या घरांतील बायकांनी माहेरचे आडनाव कायम ठेवले होते, त्या घरांनी दोहोंपैकी ज्या आडनावाला कोशिंबीर आली असेल ते धारण केले.

दुसरी गफलत प्रमाणाची. "दहा जणांपुरते आणा" असे सांगितले की प्रत्येक घर दहा माणसांचे पोटभर जेवण ठरावे इतकी एकच भाजी आणते. चौतीस घरांची तशी भर घातली तर शंभर पानांसाठी जवळजवळ साडेतीनशेंचे अन्न जमते आणि रात्री ते परत कोणी न्यायचे यावरून मैत्री दुरावते. म्हणून वहिनींनी माणसे मोजणे सोडून डाव मोजण्यास प्रारंभ केला. एका पानात दोन डाव भाजी पडते. शंभर पानांना दोनशे डाव. एका ठराविक मापाच्या पत्र्याच्या तबकात पंचवीस डाव मावतात. म्हणजे आठ तबके, आणि आठच घरे. हा आठचा आकडा निव्वळ गणितातून आला नव्हता. तेथील ओव्हनमध्ये तशी आठच तबके राहतात, आणि इंग्लंडातील शिरस्ता असा की वाढायचे गरम अन्न 63 अंशांच्या खाली उतरू देऊ नये. उतरलेच तर फार तर दोन तास. तीनला आलेली भाजी साडेचारच्या पंगतीपर्यंत टेबलावर ठेवली, आणि भाषणे नेहमीप्रमाणे लांबली, तर ही मुदत सरून जाते. ओव्हनच्या मंद आचेत ठेवली तर वक्त्यांना मुभा मिळते. पातेल्यातून, कढईतून किंवा सासूबाईंच्या पितळी डब्यातून आणलेली भाजी कितीही चविष्ट असली तरी ओव्हनच्या फळीवर बसत नसल्यामुळे दारातच नाकारली जाई. उरलेल्या घरांपैकी काहींकडे गुळाच्या पोळ्या होत्या, ज्या गार खाव्यात आणि ज्या प्रवासाने बिघडत नाहीत. वरण आणि मसालेभात विजेच्या दोन शेगड्यांवर तेथेच उकळत होते.

प्रत्येक तबकावर एक चिठ्ठी हवी, असाही नियम होता. इंग्लंडात ज्यांची सूचना खाणाऱ्यास द्यावी लागते असे ॲलर्जीकारक घटक चौदा आहेत, आणि त्यांत शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध व गहू यांची गणना होते. संक्रांतीचा महाराष्ट्रीय स्वयंपाक आणि ही यादी एकाच माणसाने रचली असावी असे वाटण्याइतके त्यांत साम्य आहे. एका तरुण गृहस्थाने आपल्या फ्लॉवरच्या भाजीवर "यात काहीही नाही" अशी अभिमानाने चिठ्ठी लावली होती.

"फोडणी केलीत ना?" वहिनींनी विचारले.

"केली की. मोहरी-हिंगाची."

"मोहरी यादीत आहे, आणि डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. दोन्ही लिहा, आणि पुढे व्हा."

ते गृहस्थ पुढे झाले, परंतु आपली भाजी अचानक परधर्मात गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

चारच्या सुमारास, रंगमंचावर एक भावगीत दुसऱ्या कडव्यात शिरलेले असताना, जे घडले त्याला पदार्थविज्ञानाखेरीज कोणी जबाबदार नाही. दोन शेगड्या प्रत्येकी सुमारे आठ अँपियर घेत होत्या आणि चहाचे मोठे विजेचे भांडे तेरा. तेथवर एकोणतीस, आणि भिंतीतील वाहिनी बत्तीसची. इतक्यात भोजनानंतरच्या चहाला उशीर नको या सद्हेतूने कोणी दोन हौशी हातांनी तेरा-तेरा अँपियरच्या दोन किटल्या एकदम लावल्या. पंचावन्न अँपियरचा भार ती वाहिनी खऱ्या इंग्रजी सभ्यतेने एक-दोन मिनिटे निमूटपणे सोसते, आणि मग काही न बोलता संबंध तोडते. रंगमंचाचा ध्वनिक्षेपकही त्याच वाहिनीवर असल्याने गायकाचा तारस्वर मध्येच अदृश्य झाला, आणि प्रेक्षकांनी, गीत संपले अशा समजुतीने, मनःपूर्वक टाळ्या वाजवल्या. चिटणिसाने खटका वर केला, वहिनींनी किटल्या जप्त केल्या. गायकाने मात्र उरलेले कडवे म्हणण्याचा आग्रह धरून पंगत पंधरा मिनिटे लांबवली.

ती पंधरा मिनिटे साफसफाईच्या तासातून वजा झाली. तिळगूळ वाटणाऱ्या हातांत केरसुण्या आल्या, हळदीकुंकवाची वाणे पिशव्यांत जाताच टेबले मिटू लागली, आणि खुर्ची रिकामी होण्याची वाट न पाहता ती बसलेल्या माणसाखालून नम्रपणे काढून घेण्याचे कौशल्य मी तेथे प्रथमच पाहिले. सातला तीन मिनिटे असताना सभागृहाचा रखवालदार घड्याळाकडे पाहत दारात येऊन उभा राहिला. चिटणिसाने त्याच्या एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात, शेंगदाणे व तीळ यांबद्दल तोंडी सूचना देऊन, गुळाची एक पोळी ठेवली. अनामत वाचली.

रात्री पुतण्याच्या घरी जेवणाला सुट्टी देऊन आम्ही चहा घेत होतो, तेव्हा मंडळाचा नवा संदेश आला. तबके ज्याची त्याला मिळाली असली, तरी पोळ्यांच्या डब्यांची सात झाकणे, दोन पळ्या, एक सांडशी आणि एका आजोबांची कानटोपी बेवारस सापडली असून, ती रविवारी सकाळी ठीक दहा वाजता वहिनींच्या घरून न्यावीत असे त्यात फर्मावले होते. पुतण्याने सांडशी आपलीच असल्याचे ओळखले आणि साडेअकराला निघायचे ठरवले.